छोट्या वकिली कार्यालयाने आपला परिचय कसा लिहावा?

१. प्रश्न दोन्ही बाजूंचा

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन वकील मिळून कार्यालय चालवतात. आता त्यांना आपले संकेतस्थळ हवे असते, आणि परिचयाच्या पानापाशी ते अडतात. तरुण वकील विचारतात, ‘वकिलाला जाहिरात करता येत नाही. मग अनोळखी माणसाला आमच्यावर विश्वास कसा बसावा?’

तो परिचय वाचणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. भावाने वाटप नाकारले आहे, हाती सातबारा आहे, कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. हा माणूस खरोखर वकील आहे का? माझ्यासारखे काम तो करतो का? मी गेलो तर समोर कोण बसेल? ‘अग्रगण्य’, ‘नामांकित’ या शब्दांनी यातला एकही प्रश्न सुटत नाही.

या प्रकरणात हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायचे आहेत. नियम वकिलाला जेवढे लिहू देतो, तेवढे नीट लिहिले तर वाचणाऱ्याच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. ती कशी, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

२. नियमाने आखलेली चौकट

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष किंवा आडून जाहिरात करायला, तसेच काम मागत फिरायला मनाई करतो. पत्रके वाटणे, दलाल नेमणे, चालवलेल्या खटल्यासंदर्भात वर्तमानपत्रात फोटो छापून आणणे हे सगळे त्यात येते. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी, आणि आपण अमुक कामातले विशेषज्ञ आहोत किंवा अमुक संघटनेचे पदाधिकारी आहोत असे तिच्यावर लिहू नये, असे हा नियम सांगतो.

संकेतस्थळांचे युग आले तेव्हा ही बंदी त्यांनाही लागू आहे का, असा वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातून २००८ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वकिलाला संकेतस्थळावर स्वतःची माहिती देता येईल, पण ठरवून दिलेल्या नमुन्यातच, असे ठरले. त्या नमुन्यात पाच बाबी आहेत:

पहिली, नाव. 
दुसरी, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल. 
तिसरी, सनदेचा तपशील: सनद क्रमांक, सनदेची तारीख, मूळ सनद ज्या राज्याच्या बार कौन्सिलची ते नाव, सध्या ज्या बार कौन्सिलच्या यादीत नाव आहे ती, आणि वकील ज्या वकील संघाचा सभासद आहे तो संघ. 
चौथी, व्यावसायिक आणि शैक्षणिक पात्रता. 
पाचवी, कामाची क्षेत्रे. 

खाली वकिलाची सही आणि ‘ही माहिती खरी आहे’ अशी घोषणा असते. ही माहिती बार कौन्सिल ऑफ इंडियाला कळवून, तिच्या मंजुरीनुसार द्यायची असते. मंजूर बाबींपलीकडे काही घातले तर तो नियमभंग धरला जातो आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते. त्यात समज देण्यापासून काही काळ वकिली थांबवण्यापर्यंत, आणि फारच झाले तर यादीतून नाव काढण्यापर्यंत शिक्षा आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ही सवलत संकेतस्थळापुरती आहे. तोच मजकूर छापून वर्तमानपत्राच्या घडीत घालून घरोघर पाठवला, तर ते पत्रक वाटणे झाले. सेवा देणाऱ्यांची यादी करून गिऱ्हाईक जोडून देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांकडे नाव नोंदवण्याचा मोहही टाळावा. अशा मार्गाने जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई व्हावी, असे निर्देश मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिले आहेत.

संकेतस्थळ बनवून देणारी मंडळी बहुधा अमेरिकन वकिलांच्या पानांचे नमुने दाखवतात. तिथे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या जाहिरातीला वाट मोकळी करून दिली. म्हणून त्या पानांवर जिंकलेल्या खटल्यांच्या रकमा आणि खूश झालेल्या पक्षकारांचे शब्द दिसतात. तो साचा आपल्याकडे चालत नाही.

३. एक मसुदा आणि त्यावर लाल शाई

समजण्यासाठी एक कार्यालय कल्पू या. जिल्ह्याचे ठिकाण. एक अनुभवी वकील, त्यांची वकील झालेली मुलगी आणि एक ज्युनिअर. शिवाय जुना कारकून आणि महसुली कागद पाहायला येणारे एक निवृत्त नायब तहसीलदार. त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा असा आहे:

‘आमचे कार्यालय जिल्ह्यातील अग्रगण्य कार्यालय असून गेल्या तीस वर्षांत हजारो पक्षकारांना आम्ही न्याय मिळवून दिला आहे. जमिनीच्या दाव्यांतील आम्ही तज्ज्ञ आहोत. यशाचे प्रमाण नव्वद टक्के. कार्यालयाचे प्रमुख हे ज्येष्ठ विधिज्ञ असून जिल्हा वकील संघाचे माजी अध्यक्ष आहेत. बायपासवरील पेट्रोल पंपाच्या जागेचा गाजलेला दावा आम्हीच जिंकला. पहिला सल्ला मोफत.’

एकेक वाक्य घेऊ. ‘अग्रगण्य’ कोणी ठरवले, ते वाचणाऱ्याला तपासता येत नाही, आणि पाच बाबींत ते बसतही नाही. ‘तज्ज्ञ’ म्हणजे विशेषज्ञतेचा दावा. क्षेत्र सांगायला परवानगी आहे, त्यात आपण किती निष्णात आहोत हे सांगायला नाही.

‘नव्वद टक्के यश’ हे तर मुळातच फसवे आहे. वाटपाच्या दाव्यात तिसरा हिस्सा मागितला आणि तडजोडीत चौथा मिळाला, तर ते यश की अपयश? जामीन मिळाला आणि पुढे शिक्षा झाली, तर कोणत्या रकान्यात मांडायचे? दाव्याचा निकाल मुळात कागदपत्रांवर आणि साक्षीपुराव्यावर ठरतो. वाचणारा मात्र त्या आकड्याचा अर्थ ‘माझाही निकाल नव्वद टक्के पक्का’ असा घेतो. पुढे निकाल विरुद्ध गेला की तो याच वाक्यावर बोट ठेवतो.

‘ज्येष्ठ विधिज्ञ’ हे बोलण्यात आपण आदराने म्हणतो. पण सिनिअर ॲडव्होकेट हा ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १६ नुसार सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाने द्यायचा दर्जा आहे. तो मिळालेला नसताना तसा समज होईल असे लिहिणे दिशाभूल ठरते. माजी अध्यक्षपदही वगळायचे, कारण नियमातील बाब फक्त सभासदत्वाची आहे.

पेट्रोल पंपाचे वाक्य सर्वांत घातक. त्यात नाव नाही, तरी त्या गावात पंप कोणाचा हे शाळकरी पोरही सांगेल. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये, हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. पूर्वीच्या कायद्यात ते कलम १२६ होते. निकाल सार्वजनिक असला, तरी वाचणारा मनात म्हणतो, ‘उद्या माझ्या घरचे भांडणही हे असेच मिरवतील.’ विश्वास मिळवण्यासाठी लिहिलेले वाक्य असे उलटते.

‘मोफत सल्ला’ म्हणजे उघडच काम मागणे. तेही गेले. मसुद्यात आता काही उरले नाही. पण खरे तर काही गेलेलेही नाही, कारण वाचणाऱ्याच्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. औषधाच्या वेष्टनावर घटक, तारीख आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. तोंडी वाखाणणी कितीही झाली, तरी आपण भरवसा ठेवतो तो त्या बारीक छपाईवर, कारण ती तपासता येते. वकिलाच्या परिचयाचेही तसेच आहे.

४. सनद: पहिल्या प्रश्नाचे उत्तर

‘हा खरोखर वकील आहे का?’ याचे उत्तर सनदेच्या तपशिलात असते. बहुतेक कार्यालये हाच तपशील सर्वांत शेवटी, बारीक अक्षरांत टाकतात. तो प्रत्येकाच्या नावाखाली पहिल्या ओळीत यावा.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा क्रमांक साधारण MAH/क्रमांक/वर्ष अशा रूपात असतो. तो दिला की वाचणाऱ्याच्या हाती पडताळणीचे साधन येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याची स्थिती पाहताना वकिलाच्या नावाने किंवा बार नोंदणी क्रमांकाने शोध घेता येतो. जिल्हा आणि न्यायालय निवडले की त्या वकिलाच्या नावावर तिथे नोंदलेले खटले दिसतात. वकिलाने स्वतःविषयी काहीही न म्हणता, तो त्या न्यायालयात उभा राहतो हे वाचणाऱ्याला कळते.

या शोधाला मर्यादा आहेत. न्यायालयाच्या दप्तरात नाव वेगळ्या स्पेलिंगने चढले असेल किंवा क्रमांक जोडलाच नसेल, तर खटले असूनही दिसत नाहीत. म्हणून परिचय लिहिण्याआधी वकिलाने स्वतःचा शोध घेऊन पाहावा. आपल्या कल्पनेतल्या कार्यालयात मुलीची सनद माहेरच्या नावाने आहे आणि पाटीवर सासरचे नाव आहे. शोधणाऱ्याला पाटीवरच्या नावाने काहीच सापडत नाही, आणि शंका तिथेच सुरू होते. परिचयात नाव लिहायचे ते सनदेवर आहे तसेच. पाटी आणि वकीलपत्रावरचे नावही त्याच्याशी जुळवून घ्यावे.

‘तीस वर्षांचा अनुभव’ असे लिहिण्याऐवजी सनदेची तारीख द्यावी. अनुभवाचा आकडा दरवर्षी जुना होतो, तारीख होत नाही. मात्र तारीख सलग वकिलीची हमी देत नाही. मध्ये पूर्णवेळ नोकरी धरली तर त्या काळात वकिली बंद ठेवावी लागते. असा खंड असेल तर विचारणाऱ्याला सरळ सांगावा.

दोन बार कौन्सिलांच्या नावांना सीमाभागात विशेष अर्थ आहे. आपल्या ज्युनिअरची मूळ सनद कर्नाटकातली आहे आणि नंतर नाव महाराष्ट्र आणि गोव्याच्या यादीत वर्ग झाले आहे. दोन्ही नोंदी दिल्या, म्हणजे मूळ सनद दुसऱ्या राज्याची कशी हा प्रश्नच उरत नाही.

५. कामाची क्षेत्रे: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

नियमात उदाहरणादाखल दिवाणी, फौजदारी, कर, कामगार अशी क्षेत्रे दिली आहेत. पण सातबारा घेऊन बसलेल्या माणसाला आपले भांडण दिवाणी की महसुली हे माहीत नसते. म्हणून क्षेत्राचे नाव द्यावे आणि त्यापुढे रोजच्या भाषेत कामांचे प्रकार लिहावेत: ‘दिवाणी: शेतजमिनीचे वाटप, ताबा, वहिवाटीचा रस्ता, मृत्युपत्र’ किंवा ‘महसूल: फेरफार, वारसनोंद’. हे क्षेत्राचेच स्पष्टीकरण झाले. मात्र त्याच्या शेजारी ‘यशस्वीरीत्या’, ‘खात्रीशीर’ असे एकही विशेषण आले की ती जाहिरात होते.

क्षेत्रे प्रत्येक वकिलाच्या नावापुढे वेगळी द्यावीत. सगळ्यांनी मिळून वीस क्षेत्रांची यादी दिली तर कोण काय पाहतो ते कळत नाही. एखादे क्षेत्र लिहावे की नाही यासाठी सोपी कसोटी आहे. गेल्या दोन वर्षांत अशा कामात आपण वकीलपत्र दाखल केले आहे का? नसेल तर ते गाळावे. ग्राहक आयोगात कधी उभे न राहता ‘ग्राहक तक्रारी’ लिहिले, तर पक्षकाराच्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

वकील कोणत्या न्यायालयात असतो, हे वकील संघाच्या नावावरून आपोआप कळते. तालुका वकील संघाचा सभासद तिथल्या न्यायालयात सापडणार, जिल्हा वकील संघाचा जिल्हा न्यायालयात. म्हणून संघाचे नाव त्रोटक न देता गावासह पूर्ण द्यावे.

६. कोणाचा परिचय द्यायचा, कोणाचा नाही

परिचय देता येतो तो सनद असलेल्या वकिलांचा. कायद्याची पदवी मिळाली पण सनद नाही, तोपर्यंत नावामागे ‘ॲड.’ लावू नये. २००९-१० पासून पदवी घेतलेल्यांना वकिलीसाठी ऑल इंडिया बार एक्झाम उत्तीर्ण व्हावी लागते. ती झाली असेल तर ज्युनिअरच्या पात्रतेत तिचा उल्लेख जरूर करावा.

निवृत्त नायब तहसीलदारांचे नाव घालण्याचा मोह मोठा असतो. पक्षकाराला त्यांचा आधार वाटतो. पण नियमातल्या पाच बाबी वकिलाच्या आहेत, आणि सरकारी खात्यात राहिलेला माणूस आपल्याकडे आहे असे सुचवणे म्हणजे तिथे आपली ओळख चालते असे सुचवणे. कारकुनाचेही नाव परिचयात नको. त्यांची ओळख पक्षकार कार्यालयात आल्यावर करून द्यावी. फोटो, पुरस्कार, वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांची नावे, कार्यालयाच्या स्थापनेची कहाणी यांतले काहीही पाच बाबींत नाही.

ज्युनिअर कार्यालय सोडून गेला तर त्याचे नाव त्याच दिवशी उतरवावे. नाहीतर त्याच्या भरवशावर आलेला पक्षकार परत जाताना कार्यालयावरचा विश्वासही गमावून जातो.

७. दुरुस्त परिचय

आता तेच कार्यालय, नियमात बसणाऱ्या शब्दांत. कंसातल्या जागी खरा तपशील भरायचा आहे.

‘कार्यालय: (नाव), जिल्हा न्यायालयाच्या मुख्य दरवाजासमोर, दुसरा मजला, (गाव). दूरध्वनी: (क्रमांक). ईमेल: (पत्ता).

ॲड. (सनदेवरील पूर्ण नाव). सनद क्रमांक MAH/(क्रमांक)/1994, दिनांक (तारीख). मूळ सनद आणि सध्याची नोंद: बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. सभासद: जिल्हा वकील संघ, (गाव). पात्रता: बी.ए., एलएल.बी. क्षेत्रे: दिवाणी (शेतजमिनीचे वाटप, ताबा, मृत्युपत्र), महसूल (फेरफार, वारसनोंद).

ॲड. (सनदेवरील पूर्ण नाव). सनद क्रमांक MAH/(क्रमांक)/2014, दिनांक (तारीख). मूळ सनद आणि सध्याची नोंद: वरीलप्रमाणे. सभासद: जिल्हा वकील संघ, (गाव). पात्रता: बी.एस.एल., एलएल.बी., ऑल इंडिया बार एक्झाम उत्तीर्ण. क्षेत्रे: कौटुंबिक (घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा), फौजदारी (जामीन, धनादेश न वटल्याचे खटले).’

ज्युनिअरचाही परिचय याच धर्तीवर. शेवटी प्रत्येकाची स्वतंत्र घोषणा आणि सही. वाचणाऱ्याला आता कळते की त्याच्या वाटपाचे काम पहिल्या वकिलांकडे आहे, ते १९९४ पासून सनदधारक आहेत आणि जिल्हा न्यायालयासमोर दुसऱ्या मजल्यावर भेटतील. तिन्ही प्रश्न सुटले, आणि प्रत्येक शब्द तपासता येण्याजोगा आहे.

अनेक जण पान उघडताच ‘ही जाहिरात नाही, मी स्वतःहून माहिती पाहत आहे’ असे मान्य करायला लावणारी सूचना दाखवतात. ती दाखवायला हरकत नाही. पण आतला मजकूर जाहिरातीचा असेल तर या सूचनेने तो जाहिरातीचा राहत नाही, असे होत नाही.

८. उरलेले कुठे सांगायचे?

फी किती, तारखेला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार, कागद कोणते आणायचे, हे प्रश्न परिचयात बसत नाहीत. पण पक्षकार स्वतः दारात आल्यावर त्यांची उत्तरे देणे म्हणजे काम मागणे नव्हे. त्यासाठी एक छापील कागद तयार ठेवावा. त्यावर काम पाहणाऱ्या वकिलाचे नाव, फीचे टप्पे, पावती मिळेल याची नोंद, कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्च वेगळा असेल का, आणि पुढची तारीख कोण कळवणार हे लिहावे. निकालावर अवलंबून किंवा मिळणाऱ्या मालमत्तेतल्या हिश्श्यावर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे, हेही त्यावर असावे. परिचय वाचून आलेला विश्वास या कागदावर टिकतो किंवा तुटतो.

९. जाहीर करण्यापूर्वी

मजकूर तयार झाला की कोर्टाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावा आणि विचारावे, ‘वाटपाचे काम असेल तर इथे कोणाला भेटशील? तो वकील आहे हे कसे तपासशील?’ उत्तर अडखळले तर क्षेत्रांची भाषा सोपी करावी किंवा सनदेची ओळ वर आणावी. मग सहीची प्रत बार कौन्सिल ऑफ इंडियाला मंजुरीसाठी पाठवून तिची नक्कल कार्यालयात ठेवावी. दर वर्षी मजकुरातली प्रत्येक ओळ सनद, पदवीचे प्रमाणपत्र आणि वकील संघाची पावती यांच्याशी ताडून पाहावी. ज्या ओळीमागे दाखवायला कागद नाही, ती ओळ काढून टाकावी.